दोन मिनिटांत तीन पाहुणे, एक विषय आणि मी

"दोन मिनिटं म्हणजे दोनच बघ. मी घड्याळ लावून बसणार आहे," कार्यवाह काका म्हणाले आणि फोन ठेवला.

सांगली जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी एक जुनं 'अ' वर्ग वाचनालय आहे. तिथे 27 फेब्रुवारी 2025 ला व्याख्यान ठरलं होतं आणि त्याचं सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. सुरुवातीच्या निवेदनाला दोन मिनिटं. वक्त्या मिरजेहून रात्रीची गाडी धरून परत जाणार होत्या, त्यामुळे साडेपाचला सुरू करून सव्वासातला सभागृहातून बाहेर पडायचं होतं. आदल्या वर्षी याच मंचावर सूत्रसंचालकांनी सुरुवातीलाच अकरा मिनिटं घेतली होती आणि प्रमुख वक्त्यांचं भाषण अर्ध्यावर आवरावं लागलं होतं. काकांच्या आवाजातली धार त्या अकरा मिनिटांची होती.

मी पतसंस्थेत नोकरी करते. लग्नाचे, बारशाचे, शाळेच्या स्नेहसंमेलनाचे असे चाळीसेक कार्यक्रम केले असतील. पण वेळ बांधून सुरुवात कर असं मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. आम्हा निवेदकांना सुरुवात म्हणजे आपली हक्काची जागा वाटते. पुढे काय, ह्यांच्यानंतर हे, त्यांच्यानंतर ते. आपलं काही म्हणायचं असेल तर ते पहिल्या पाच मिनिटांतच.

पहिला मसुदा मी आठवडाभर आधी लिहिला. त्याची सुरुवात अशी होती: "माय मराठीच्या अंगणी शब्दफुलांचा सडा पडावा, आणि प्रत्येक फुलातून आपल्या मातीचा गंध दरवळावा, अशा या मंगलमय सायंकाळी…" हे पुढे आठ ओळी चाललं होतं. मग "ज्यांच्या नावाला परिचयाची आवश्यकता नाही असे" म्हणून प्रत्येक पाहुण्याचा सहा-सहा ओळींचा परिचय. मला ते फार आवडलं होतं हे कबूल करते. स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता म्हणून बघितलं, मोबाइलवर वेळ लावली. तीन मिनिटं पाच सेकंद. नवरा बाहेरून म्हणाला, "मंगलमय सायंकाळ संपली का?"

मग मी शब्द मोजायला बसले. वेळ लावून वाचणं आणि शब्द मोजणं यात फरक आहे, तो मला एका जुन्या ध्वनिमुद्रणावरून कळला. घरी मी मिनिटाला 130 शब्द बोलते. पण गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनाचं ध्वनिमुद्रण ऐकून मोजलं तर तिथे माझा वेग 105 भरला. मोठ्या खोलीत आवाज भिंतीवर आपटून परत येतो, त्याच्यावर पुढचा शब्द पडला की दोन्ही बुडतात. म्हणून तोंड आपोआप सावकाश होतं, निदान व्हायला हवं. जे निवेदक घरातल्या वेगानेच मंचावर बोलतात त्यांचं मागच्या रांगेत फक्त गुणगुणणं पोचतं. तेव्हा हिशोब 105 चा. दोन मिनिटांचे 210 शब्द. त्यातून टाळ्या आणि थांबे मिळून वीस सेकंद काढले, उरले 175. आणि आमच्याकडे आयत्या वेळी चिठ्ठी येतेच येते, तिच्यासाठी थोडी जागा सोडली तर हातात दीडशे. माझ्या पहिल्या मसुद्यात तीनशेच्या वर होते.

अर्ध्याहून अधिक कापायचं म्हटल्यावर आधी ठरवावं लागलं की हे काम कुणाचं आहे. आपल्याकडच्या सभेत बोलणाऱ्यांची कामं वाटलेली असतात. स्वागत संस्थेचा माणूस करतो. कार्यक्रम का ठेवला, संस्थेने काय काय केलं, हे प्रास्ताविकात येतं. वक्त्यांचा सविस्तर परिचय व्याख्यानाच्या आधी कुणीतरी वेगळा करून देतो, त्यासाठी त्यांनी पाठवलेला कागदही असतो. निवेदक या तिघांच्या आधी उभा राहतो म्हणून तिघांचंही थोडं थोडं बोलून टाकतो. मग स्वागत करणारा म्हणतो, "आत्ताच ताईंनी सांगितल्याप्रमाणे." हे वाक्य ऐकू आलं की समजावं, निवेदकाने दुसऱ्याच्या ताटातलं खाल्लं. मी "सहर्ष स्वागत करते" हे काढून टाकलं, नुसता नमस्कार ठेवला. संस्थेच्या वाटचालीचं वाक्य काढलं. वक्त्यांची पुस्तकं, पारितोषिकं, पदव्या काढल्या. राहिलं ते इतकंच: आज काय आहे, मी कोण, तुम्ही काय ऐकणार, हे तिघं कोण.

तिघांना मंचावर बोलवायचं की आधीच बसवायचं, हा दुसरा प्रश्न. आमच्याकडे नाव घेऊन बोलवायची पद्धत आहे. "मी विनंती करते की त्यांनी मंचावर स्थानापन्न व्हावं." पहिल्या रांगेतून उठायचं, शेजाऱ्याच्या पायांतून वाट काढायची, चार पायऱ्या चढायच्या, खुर्चीपाशी पोचून आधी दुसऱ्याला बसायला सांगायचं. आमच्या सभागृहात मी एकदा मोजलं, माणशी पंधरा सेकंद जातात. तिघांचे पाऊण मिनिट. तेवढा वेळ निवेदक एकतर गप्प उभा राहतो किंवा चालणाऱ्या माणसाची स्तुती वाढवत राहतो, आणि खरी लांबण तिथेच लागते. मी काकांना म्हटलं, राज्यगीताच्या आधीच तिघांना वर बसवून घ्या. ते थोडे नाराज झाले. "मानानं बोलवायला नको?" म्हटलं, मानानं बोलवायचंच, पण दिवा लावायला.

आता नावं. माझ्या अनुभवात सुरुवातीची सगळ्यात मोठी चूक नावातच होते आणि ती दुरुस्त करता येत नाही. वक्त्यांचं आडनाव 'चा'ने सुरू होणारं होतं. आपल्या लिपीत चंद्रातला च आणि चांदण्यातला च एकाच अक्षराने लिहितात, पण तोंडात ते दोन आहेत. चंद्र म्हणताना जीभ टाळूला लागते, चांदणं म्हणताना दातांच्या मागे. ज आणि झ यांचंही तसंच. पत्रिकेवरून काही कळत नाही. अंदाजाने म्हणावं तर हिंदी वाहिन्या ऐकून ऐकून हल्ली सगळेच च चंद्रातले होत चाललेत. आणि ही बाई तर बोलीभाषांवर बोलायला येणार होती!

"आपल्या आडनावाचा उच्चार कसा करायचा?" असं विचारलं तर माणसं हमखास म्हणतात, "कसाही करा हो." म्हणून मी वेगळं करते. फोन लावते आणि म्हणते, "वाचनालयातून बोलतेय, कोण बोलतंय?" समोरून माणूस स्वतःचं नाव स्वतःच्या तोंडाने सांगतो. तोच उच्चार खरा. त्या म्हणाल्या, आणि कळलं की चांदण्यातला आहे. माझ्या कार्डावर मी त्या अक्षराखाली एक टिंब दिलं. तेवढी खूण पुरते. याच फोनवर अजून एक विचारून घेतलं, "पुढे डॉक्टर लावू की प्राध्यापक?" त्या म्हणाल्या, दोन्ही नको, पण काकांना डॉक्टर हवं असणार. खरंच होतं ते. डॉक्टर ठेवलं.

अध्यक्षांच्या बाबतीत प्रश्न उलटा होता. ते आमच्याच शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. अर्ध्या गावाला त्यांनी शिकवलेलं, मलाही. त्यांच्याविषयी नवीन काही सांगावं तर ते सगळ्यांना ठाऊक, आणि न सांगावं तर अपमान. इथे "परिचयाची आवश्यकता नाही" ची सवय लागते माणसाला. पण ते वाक्य म्हणणारा त्यानंतर हटकून परिचय देतोच, म्हणजे दोन्ही पापं पदरात. मी त्यांच्याबद्दल असं काही शोधत होते जे सगळ्यांना माहीत आहे, पण आजच्या विषयाशी जोडून कोणी म्हटलेलं नाही. व्याख्यान बोलीवर आणि अध्यक्ष शुद्धलेखन शिकवणारे! त्यांच्या लाल शाईने माझ्या 'पानी'चं कितीदा 'पाणी' झालंय. ते एका वाक्यात आलं की पुरे होतं.

वक्त्यांसाठीचं वाक्य मात्र तीन दिवस सापडलं नाही. त्यांनी पाठवलेल्या कागदावर पदं, पुस्तकं, समित्या. त्यातलं काहीही घेतलं तरी ते कुठल्याही प्राध्यापकाला चिकटवता आलं असतं. शेवटी परत फोन केला आणि सरळच विचारलं, आमच्या गावात तुम्ही कुठे कुठे आला होतात? त्या हसल्या. म्हणाल्या, "अकरा घरं झाली तुमच्याकडची. प्रत्येक घरी चहा घ्यावाच लागला, त्याशिवाय कोण बोलतंय मोकळं?" मला हवं होतं ते मिळालं. दोन मिनिटांत पाहुण्याची योग्यता सिद्ध करता येत नाही. पण या पाहुण्याचा आणि समोर बसलेल्या लोकांचा संबंध एका वाक्यात दाखवता येतो, आणि ऐकणारा त्याच्यावरच मान वर करतो.

तिसरे पाहुणे तहसीलदार. त्यांच्याविषयी नाव आणि पद यापलीकडे काहीही लिहिलं नाही. सरकारी पाहुणा बदलतो हे मी शिकलेय. त्यांचं कार्ड मी वेगळं ठेवलं, म्हणजे बदलायची वेळ आली तर फक्त तेच काढता येईल.

26 ला महाशिवरात्रीची सुट्टी होती. उपवासाची खिचडी खाऊन दुपारी सभागृहात गेले. फ्लेक्स लागत होता. त्यावर मोठ्या अक्षरांत 'मराठी राजभाषा दिन'. पत्रिकेवर मात्र बरोबर 'मराठी भाषा गौरव दिन'. ही गफलत दर वर्षी कुठे ना कुठे असतेच. 27 फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा, म्हणजे वि. वा. शिरवाडकरांचा जन्मदिवस, त्यांचा जन्म 1912 चा, आणि तो गौरव दिन. राजभाषा दिन 1 मे ला असतो. काकांना दाखवलं तर त्यांनी डोक्याला हात लावला. नवीन छापायला वेळ नव्हता. आता निवेदकाने काय करायचं? फ्लेक्सवरचं वाचलं तर चूक दुप्पट होते, मंचावरून चूक सांगितली तर संस्थेची शोभा होते. मी ठरवलं की नाव बरोबर घ्यायचं, त्याच्या आधी कुसुमाग्रजांचा जन्मदिवस म्हणायचं आणि फ्लेक्सकडे बघायचंही नाही. ज्याला कळायचं त्याला कळेल.

साऊंडवाल्या दादाने आदल्या रात्री भजनाचं काम केलेलं, डोळे तांबडे. तरी माझ्यासाठी एक माईक लावून दिला. मी सवयीने "हॅलो, हॅलो" करून वर टकटक केली.

"ताई, त्याला मारू नका की. आणि फुंकर बी नको. तुमचं वाक्य बोला सरळ."

मी पहिलं वाक्य म्हटलं. तो मागच्या भिंतीपाशी जाऊन उभा राहिला. मी दुसरं, तिसरं, मग पाहुण्यांच्या ओळी. तो तिथूनच ओरडला, "नाव गेलं!" मी परत म्हटलं. "परत गेलं!" मला कळेना, मी तर नाव जोरात घेत होते. तो पुढे आला आणि दाखवलं. नाव घेताना मी आदराने पाहुण्यांच्या रिकाम्या खुर्चीकडे वळत होते. मान वळली, तोंड माईकपासून बाजूला गेलं, आणि वाक्यातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द हवेत. बाकी सगळं ऐकू येतंय, फक्त नाव नाही! चाळीस कार्यक्रम झाले आणि हे मला कोणी सांगितलं नव्हतं. त्याने उपायही सांगितला. आधी बघा, मग मान सरळ करा, मग नाव घ्या, मग पाहिजे तर हात करा. माईक हनुवटीच्या खाली चार बोटांवर, म्हणजे 'प', 'फ', 'भ' फुटत नाहीत. 'प्रमुख पाहुणे' हा शब्द त्यासाठी मोठा वाईट आहे, दोनदा 'फट्ट' होतं. आम्ही तेवढा एकच शब्द पाच वेळा म्हणून बघितला.

रात्री कार्डं शेवटची लिहिली. पोस्टकार्डाएवढी, प्रत्येक ओळीत एका श्वासात होईल एवढंच, नाव कधीही दोन ओळींत तोडायचं नाही. मजकूर असा झाला. नावांच्या जागी इथे रेघ मारते.

"नमस्कार वाचकहो.

आज 27 फेब्रुवारी. कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, म्हणजेच आपला मराठी भाषा गौरव दिन. गेल्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्यानंतरचा हा पहिलाच.

मी —. या वाचनालयाची सभासद. आजच्या कार्यक्रमात तुमच्यासोबत असेन.

आज आपण एक व्याख्यान ऐकणार आहोत. विषय आहे, 'आपल्या तालुक्याची बोली'. आपण घरात एक मराठी बोलतो आणि शाळेच्या पायरीवर चप्पल काढताना दुसरी. या दोन मराठींमध्ये नेमकं काय बदलतं ते आज ऐकायचं आहे. व्याख्यान साधारण एक तास चालेल, त्यानंतर वीस मिनिटं तुमच्या प्रश्नांसाठी आहेत.

बोलणार आहेत डॉ. —. वीस वर्षं त्या या भागात बाजारात, शेतात, स्वयंपाकघरात बसून माणसांचं बोलणं टिपून घेतायत. आपल्या गावातल्या अकरा घरी त्यांनी चहा घेतलाय. त्यातले बरेच जण आज समोर बसलेत.

अध्यक्षस्थानी आहेत श्री. —. आपल्यातल्या अनेकांचं शुद्धलेखन त्यांनी लाल शाईने सुधारलंय, आणि आज बोलीवरच्या व्याख्यानाला तेच अध्यक्ष आहेत.

प्रमुख पाहुणे आहेत आपल्या तालुक्याचे तहसीलदार श्री. —.

तिघांनाही विनंती करते, दीपप्रज्वलनासाठी पुढे यावं."

नावं धरून दीडशेच्या आत. 'रसिक श्रोतेहो' मी मुद्दाम घेतलं नाही, वाचनालयात 'वाचकहो' म्हटलं की लोकांना आपलं वाटतं. अभिजात भाषेचं ते वाक्य ठेवावं की नाही यावर बराच वेळ गेला. केंद्रीय मंत्रिमंडळाचा निर्णय 3 ऑक्टोबर 2024 चा, तेव्हापासून प्रत्येक मंचावर हेच ऐकून कान किटले होते. पण गौरव दिन त्यानंतर पहिल्यांदाच येत होता, आणि ही गोष्ट पुढच्या वर्षी म्हणता येणार नव्हती. ठेवलं.

आणि माझं नाव? आमच्याकडच्या जुन्या मंडळींना निवेदकाने स्वतःचं नाव सांगणं आगाऊपणाचं वाटतं. मला मात्र ते लागतं असं वाटतं. पुढे दोन तास ही बाई सगळ्यांना 'आता हे करा, आता थांबा' सांगणार, तर ती कोण हे लोकांना कळावं. शिवाय पाहुण्यांना काही सांगायचं असेल तर हाक कशाने मारायची? पण पहिल्याच वाक्यात नाव घालू नये. राज्यगीत संपलं की सगळे एकदम बसतात, खुर्च्या वाजतात, मुलं कुजबुजतात, आणि पहिली दहा सेकंद कुणाचंच लक्ष नसतं. त्या गदारोळात जे सांगाल ते वाया. म्हणून आधी तारीख आणि दिवस, जे सगळ्यांना ठाऊकच आहे, आणि कान स्थिर झाले की तिसऱ्या ठिकाणी मी. हा माझा हिशोब.

27 ला पाच वाजून पंचवीस मिनिटांनी चिठ्ठी आली. तहसीलदारांना बैठक लागली, नायब तहसीलदार आलेत. त्यांचं नाव खाली. अक्षर काकांचं, घाईतलं. मी नायब साहेबांसमोर जाऊन उभी राहिले, नमस्कार केला आणि म्हटलं, "साहेब, नाव एकदा सांगाल?" त्यांनी सांगितलं. काकांनी लिहिलेल्या आडनावात एक काना जास्त होता. वेगळं कार्ड काढलं, मागच्या बाजूला नवीन लिहिलं.

दोनच मिनिटांत दुसरी चिठ्ठी. पहिल्या रांगेत एक देणगीदार बसलेत, त्यांचंही नाव मंचावरच्या पाहुण्यांबरोबर घे. इथे मी काकांशी वाद घातला, तोही राज्यगीताला उभं राहायची वेळ झालेली असताना, ओठ न हलवता. म्हटलं, ते मंचावर नाहीत. त्यांचं नाव घेतलं तर त्यांच्या शेजारच्या तिघांचं का नाही? एकदा मंचाखालची नावं घेतली की मग रांगच लागते. सत्काराच्या वेळी त्यांना वर बोलवू, तिथे पुरेसा वेळ आहे. काका म्हणाले, "रागावतील गं." म्हटलं, तुम्ही आत्ता त्यांच्या कानात सांगून या, की तुमचा सत्कार स्वतंत्र आहे. ते गेले. देणगीदार खुश झालेले मी वरून बघितले.

राज्यगीत संपलं. खुर्च्या वाजल्या. मी मनात तीनपर्यंत मोजलं आणि सुरू केलं.

"नमस्कार वाचकहो." मागून दोन-तीन जणांनी नमस्कार म्हटलं, हे लग्नात कधी होत नाही. तारीख, कुसुमाग्रज, गौरव दिन. एक-दोन माना फ्लेक्सकडे वळल्या, परत माझ्याकडे आल्या. मी फ्लेक्सकडे बघितलं नाही. पुढे अभिजात भाषेचं वाक्य, मग मी, मग विषय. चपलेच्या वाक्याला बायकांच्या बाजूने हसू आलं. त्या हसण्याला मी कार्डावर जागा ठेवली नव्हती, थांबले. अकरा घरांच्या चहाला तर एक म्हातारे गृहस्थ मोठ्याने म्हणाले, "आमच्यात दोनदा!" वक्त्यांनी मंचावरून त्यांना हात केला. माझं वाक्य तिथेच संपायला हवं होतं, पण माझ्या कार्डावर अजून "त्यातले बरेच जण आज समोर बसलेत" असं होतं. ते त्या आजोबांनीच म्हणून टाकलं होतं. मी ती ओळ सोडली.

लाल शाईला सगळ्यात मोठा हशा. मुख्याध्यापक सर न हसता माझ्याकडे बघत राहिले, मग चष्मा काढून पुसला. नायब साहेबांचं नाव मी समोर बघूनच घेतलं, मान वळवली नाही. "दीपप्रज्वलनासाठी पुढे यावं" म्हटल्यावर काकांनी मनगट वर केलं आणि मान हलवली.

भाच्याने मोबाइलवर सगळं घेतलं होतं. नमस्कारापासून 'यावं' पर्यंत एक मिनिट बावन्न सेकंद.

कार्यक्रम संपला. वक्त्या मिरजेच्या गाडीला वेळेत निघाल्या. जाताना माझ्या कार्डावरचं ते टिंब त्यांना दिसलं, आणि त्यांनी माझ्याकडून ते एक कार्ड मागून घेतलं. चहाच्या टेबलाशी "दोनदा" वाले आजोबा आले.

"चांगलं बोललीस पोरी. नाव काय तुझं?"

"सांगितलं की आजोबा, सुरुवातीला."

"कधी? आम्ही तर टाळ्या वाजवत होतो."

घरी येऊन भाच्याचं ध्वनिमुद्रण नीट ऐकलं. अभिजात भाषेच्या वाक्यावर टाळ्या पडल्या आहेत. मला मंचावर त्या जाणवल्या नव्हत्या, माझं सगळं लक्ष पुढच्या कार्डावर होतं. टाळ्यांच्या मधोमध माझे ओठ हलताना दिसतात, आणि आवाज परत ऐकू येतो तो थेट "या वाचनालयाची सभासद" पासून. म्हणजे दोनशे लोकांना एवढंच कळलं की वाचनालयाची कोणी एक सभासद बोलतेय.

कार्ड अजून ड्रॉवरमध्ये आहे. त्यावर पेन्सिलने एक बाण काढलाय, 'मी'पासून वर, अभिजातच्या आधी.